समझ गये

आमच्या सोसायटीच्या जिन्यातल्या पाटीवर त्यांचं नाव एम.ए.सकट रंगवलेलं आहे, पण ते कोणी घेत नाही. वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळे त्यांना 'समझ गये' म्हणतात. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत हे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघालेले असतात. टाकी धुवायची आहे, पाणी अमुक वाजता जाईल, हे सांगायला गेलेला माणूस 'पाणी'पर्यंत पोचतो, तोच "समझ गये!" आणि दार बंद. मग अमुक वाजता अंगभर साबण लावलेले 'समझ गये' बाथरूमच्या खिडकीतून वॉचमनला हाका मारताना ऐकू येतात.

गृहस्थ प्रयागराजकडचे. हिंदी साहित्यात एम.ए. आणि नोकरी एका बँकेत हिंदी अधिकाऱ्याची. राजभाषेच्या 1976 च्या नियमांनी देशाचे क, ख आणि ग असे तीन भाग पाडले आहेत. उत्तर प्रदेश 'क'मध्ये, महाराष्ट्र 'ख'मध्ये. पुण्याला बदली झाली तेव्हा घरचे काळजीत पडले, पण हे निर्धास्त होते. "क से ख तक तो बच्चा भी पैदल चला जाता है," असं त्यांनी वडिलांना सांगितलं म्हणे.

मराठीबद्दल त्यांचा सिद्धांत तयार होता. लिपी तीच, एक 'ळ' तेवढा जास्तीचा. शब्दही तेच, कारण दोघींची आजी एकच, संस्कृत. त्यांची हिंदी तर इतकी संस्कृतप्रचुर की पेठेतला एखादा शास्त्रीही क्षणभर थांबावा. मराठी पेपर हातात घेतला की दहातले सहा शब्द त्यांना ओळखीचे वाटायचे. "मराठी मुझे आती है," ते सांगत, "बस, बोलनी बाक़ी है." त्यामुळे शब्दकोश घेणं, शिकवणी लावणं, कुणाला विचारणं यातलं काही करायची गरज त्यांना वाटली नाही.

अगदीच विचारत नसत असं नाही. अनोळखी शब्द आला की ते लगेच विचारत आणि तो पक्का लक्षात ठेवत. 'कंटाळा', 'वैताग', 'उगाच' हे शब्द त्यांनी आल्या आल्या आत्मसात केले आणि आजही ते अचूक वापरतात. त्यांच्या मराठीला धोका असल्या शब्दांचा नव्हताच. धोका होता तो ओळखीच्या शब्दांचा, कारण ओळखीच्याला कोणी 'आपण कोण?' म्हणून विचारत नाही.

सोसायटीच्या पहिल्याच सभेत याची चुणूक दिसली. खुर्च्या कमी पडल्या होत्या, काहीजण सतरंजीवर बसले होते आणि हे भिंतीला टेकून उभे. सेक्रेटरी म्हणाले, "साहेब, उगाच उभे राहू नका, खाली बसा." शेजाऱ्याला त्यांनी हळूच 'उगाच'चा अर्थ विचारला. अर्थ बरोबर मिळाला. 'खाली'चा विचारला नाही, कारण तो शब्द त्यांच्या घरचाच होता. हिंदीत 'ख़ाली बैठना' म्हणजे काही कामधंदा न करता बसून राहणं. तेव्हा त्यांच्यापर्यंत पोचलेलं वाक्य असं, की व्यर्थ उभे राहू नका, रिकामटेकडे बसा. दोन्हींत फरक काय, हे त्यांना कळेना. पण रिकामटेकडं म्हणवून घेण्यापेक्षा उभं राहिलेलं बरं, म्हणून ते सभा संपेपर्यंत ताठ उभे राहिले. सोसायटीत मात्र माणूस फार नम्र असल्याचा बोलबाला झाला.

दुसरा प्रसंग त्यांच्या बँकेतला. सकाळी मराठी पेपरात मथळा होता, 'अवकाश संशोधनासाठी वाढीव तरतूद'. 'तरतूद' अडली. ती त्यांनी चहावाल्याला विचारली. तो म्हणाला, पैसे बाजूला काढून ठेवणं. बस्स, बाकीचं स्वच्छ होतं! हिंदीत 'अवकाश' म्हणजे सुट्टी किंवा रजा, आणि 'संशोधन' म्हणजे नियमात किंवा मसुद्यात केलेला बदल. संसद घटनेत करते ते 'संविधान संशोधन'. तेव्हा रजेच्या नियमांत सुधारणा होणार आणि तिच्यासाठी सरकारने पैसेही काढून ठेवलेले. ही शुभवार्ता त्यांनी दुपारच्या डब्यापर्यंत मजल्यावरच्या सगळ्या टेबलांवर पोचवली. संध्याकाळी एका क्लार्कबाईंनी बातमी पुढे वाचून दाखवली, तर तिच्यात उपग्रह निघाले. आपण मराठीत ज्याला अवकाश संशोधन म्हणतो, ते हिंदीत 'अंतरिक्ष अनुसंधान'. याच हिशेबाने सदाशिव पेठेतलं 1910 साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ त्यांना कित्येक दिवस इतिहासात सरकारी फेरफार करणारी कचेरी वाटत होतं. पुणेकर उघड पाटी लावून हे काम करतात, याचं त्यांना मनापासून कौतुक होतं.

पण त्यांच्या कारकिर्दीचा कळस म्हणजे शाळेला लिहिलेलं पत्र. मुलगी पाचवीत. एके दिवशी तिच्या डायरीत बाईंनी शेरा लिहिला: 'मधल्या सुट्टीत दंगा केला म्हणून शिक्षा केली आहे. पुन्हा असे होणार नाही याची काळजी घ्यावी. पालकांची सही.' आणि पुढे रेघ.

'काळजी' त्यांनी वॉचमनला विचारली. बाकीचं समझ गये. हिंदीत 'दंगा' म्हणजे जाळपोळ, दगडफेक, संचारबंदी. आपल्याकडे त्याला दंगल म्हणतात. आणि हिंदीत 'दंगल' म्हणजे कुस्त्यांचा फड. 2016 साली त्या नावाचा सिनेमा आला, तोही कुस्तीवरचाच. आपल्या कोल्हापूरकडेही कुस्त्यांची दंगल होते, पण पेपरात नुसती 'दंगल' छापली की शहाणा माणूस दुकान बंद करतो. तर मधल्या सुट्टीत शाळेत जातीय दंगा झाला, हे वाचून त्यांना घाम फुटला. पुढच्याच शब्दाने मात्र धीर आला. 'शिक्षा'! हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. दंगा झाला म्हणून शाळेने मुलांना शिक्षण दिलं. मारलं नाही, कोंडलं नाही, पोलिसांत दिलं नाही, शिक्षण दिलं. त्यांचा ऊर भरून आला. शेवटी 'पालकांची सही' आणि रेघ. हिंदीत 'सही' म्हणजे बरोबर. पालकांना हे बरोबर वाटतं का, असा प्रश्न समजून रेघेवर त्यांनी लिहिलं, 'हाँ, बिलकुल सही'. आपल्याला जी सही हवी असते तिला हिंदीत म्हणतात 'हस्ताक्षर'. त्यांनी पुढे एकदा मुलीच्या प्रगतिपुस्तकात 'हस्ताक्षर सुधारावे' असा शेरा वाचला आणि आपल्या सहीत बाईंना काय खटकलं, या विचारात ती तीन वेगवेगळ्या वळणांनी करून पाहिली.

एवढ्यावर भागतं तरी चाललं असतं. पण कृतज्ञता स्वस्थ बसू देईना. मुलं बाईंना 'बाई' म्हणतात, हे त्यांना कळलं होतं. ते त्यांच्या कानांना असभ्य वाटे, म्हणून 'महोदया' घालून त्यांनी मराठीत पत्र लिहिलं. मूळ प्रत शाळेत धाडली आणि कार्यालयीन सवयीने ठेवलेली दुसरी प्रत मला दाखवायला आणली. मजकूर असा:

'महोदया, आपल्या शाळेत शिक्षेची इतकी चेष्टा होते, याचा मला गर्व आहे. दंगा झाल्यावर आपण शिक्षा केली, ती रोज करावी, माझी काही आपत्ती नाही. माझी मुलगी घरी पण खूप चेष्टा करते. उद्या आपल्या शाळेतून निघून ती मोठ्या संसारात पाऊल टाकेल, तेव्हा आपली शिक्षा तिला आठवेल.'

त्यांच्या मनातलं पत्र अतिशय सालस होतं. शिक्षणासाठी आपण एवढे प्रयत्न करता, याचा मला अभिमान वाटतो. आपण मुलांना रोज शिकवावं, माझी काही हरकत नाही. मुलगी घरीही खूप प्रयत्न करते. उद्या ती मोठ्या जगात जाईल, तेव्हा आपली शिकवण तिला आठवेल. बाईंनी वाचलं ते निराळंच. शाळेत होणाऱ्या शिक्षेची टर उडवली जाते, याची या माणसाला घमेंड आहे. घरी मुलगीही टिंगल करत असते. आणि हा बाप दहा वर्षांच्या पोरीला शाळेतून काढून मोठ्या खटल्याच्या घरात देणार आहे.

बाईंनी फोन केला. मी तेव्हा त्यांच्याच दिवाणखान्यात होतो, त्यामुळे संभाषण माझ्या समक्ष झालं.

"तुम्ही आमची चेष्टा करताय का?" बाईंचा आवाज मलासुद्धा ऐकू आला.

"हो हो, बाई! म्हणजे महोदया! पूर्ण चेष्टा करतो! घरचे सगळे चेष्टा करतात!"

"आणि हे तुम्ही मला तोंडावर सांगता?"

"तोंडावर, लेखी, जसं आपण म्हणाल! माझी आपत्ती नाही!"

"आता येईल," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला. त्यांनी भेटीचा निरोप धाडला, तेव्हा सत्कार असावा असं समजून हे कोट घालून निघाले. त्यांना जिन्यात अडवून मी घरी आणलं आणि पत्राच्या कोऱ्या बाजूवर चार शब्द लिहिले.

मी म्हणालो, "साहेब, हे शब्द एकेकटे पाठ करू नका. ही संगीत खुर्ची आहे. एक शब्द आपल्या जागेवरून उठला की त्या जागेवर दुसरा बसतो, दुसऱ्याच्या जागी तिसरा. हिंदीतल्या 'आपत्ति'च्या जागेवर मराठीत 'हरकत' बसली आहे. 'आपकी कोई आपत्ति?' म्हणजे 'तुमची काही हरकत?' आणि मराठीतली 'आपत्ती' म्हणजे पूर, भूकंप, तुमची 'आपदा'. तुमची 'हरकत' म्हणजे नको ते वागणं, म्हणजे आमचे 'चाळे'. तुमची 'चेष्टा' म्हणजे आमचा 'प्रयत्न'. आणि आमची 'चेष्टा' म्हणजे तुमचा 'मज़ाक'. एक शब्द शिकलात तर तुमचा शब्द बेघर होतो आणि कुठेही घुसतो. सगळं रिंगण शिकलात तर प्रत्येकाला खुर्ची मिळते."

'समझ गये' पहिल्यांदाच गप्प बसून ऐकत होते. मग त्यांच्यातला एम.ए. जागा झाला. "पर चेष्टा तो संस्कृत है, भाईसाहब. बदली कैसे?"

ही खरी गंमत होती. संस्कृतात 'चेष्टा' म्हणजे हालचाल, अंगविक्षेप. अरबीत 'हरकत' म्हणजेही हालचालच. दोन लांबच्या भाषांतून आलेले, एकाच अर्थाचे दोन शब्द. हिंदीने पहिल्या हालचालीतली धडपड उचलली आणि दुसरीतला वात्रटपणा. मराठीने पहिल्या हालचालीतले वेडेवाकडे हावभाव घेतले, म्हणजे नकला, टिंगल. दुसरी आली ती आडवी आली, म्हणजे अडथळा, मग आक्षेप. 'शिक्षा'चंही तसंच. संस्कृतात ती शिकणं-शिकवणंच. मराठीत तिने छडी हातात घेतली, पण त्यात नवल नाही. 'तुला चांगला धडा शिकवतो' असं म्हणणारा माणूस मराठीत काही पुस्तक उघडत नाही, आणि हिंदीत 'सबक सिखाना'सुद्धा मारामारीतच होतं. 'खाली'चं मात्र वेगळं. हिंदीतला 'ख़ाली' अरबीतून आला, आपला 'खाली' हा 'खाल'पासून झालेला देशी शब्द. ते भाऊ नव्हेतच, नुसता चेहरा सारखा. म्हणून त्याच्यापाशी वंशावळ काढून उपयोग होत नाही.

"पर वाक्य में पहचानें कैसे?" हा प्रश्न त्यांनी विचारला, तो रास्त होता.

शब्दाकडे बघून ओळखता येत नाही, त्याच्या शेजाऱ्यांकडे बघावं लागतं. 'चेष्टा'च्या आधी बघा. हिंदीत तिच्याआधी बहुधा क्रिया असते, 'समझने की चेष्टा', 'उठने की चेष्टा'. मराठीत तिच्याआधी माणूस असतो, 'माझी चेष्टा', 'गरिबाची चेष्टा'. क्रियेची टिंगल करता येत नाही आणि माणसाचा प्रयत्न करता येत नाही. 'शिक्षा'च्या नंतर बघा. मराठीत शिक्षा होते, करतात, भोगतात. हिंदीत ती लेते हैं, पाते हैं. डायरीत 'शिक्षा केली' असं होतं, तिथेच त्यांनी थबकायला हवं होतं, कारण हिंदीत कोणी शिक्षा 'करत' नाही. 'देणे' मात्र दोन्हीकडे चालतं. 'शिक्षा दिली' एवढंच लिहिलेलं असेल, तर मागे काय घडलं ते बघा. आधी दंगा असेल तर छडी, आधी प्रवेश असेल तर पुस्तक. 'हरकत'च्या मागून मराठीत 'नाही' किंवा 'घेतली' येतं, हिंदीत 'की' येतं, म्हणजे 'केली'.

ते शाळेत गेले आणि बाईंना सगळं नीट सांगून आले. बाई हसल्या म्हणे. त्यांची बहीण भोपाळला दिलेली होती.

त्यानंतर आमच्या नशिबी दुसरंच संकट आलं. ओळखीच्या शब्दांवरचा त्यांचा विश्वास उडाला. इतके दिवस ते ओळखीचं काही विचारत नव्हते, आता सगळंच विचारू लागले. "भाभीजी, 'पाणी' का मतलब पानी ही है न?" "ये 'घर' कोई हरकत-वरकत तो नहीं?" आमच्या हिने चहा दिला, तर साखर म्हणजे साखरच का याची खात्री करूनच त्यांनी घोट घेतला. संशय दर वेळी फुकट जात नसे, हे त्यातलं वाईट. बँकेच्या 'तक्रार पेटी'पाशी ते अडले, कारण हिंदीत 'तकरार' म्हणजे भांडण. पेटीत घालून भांडतात कसं, हे विचारल्यावर तक्रार म्हणजे 'शिकायत' हे कळलं. लग्नपत्रिकेच्या तळाशी 'लोभ असावा' वाचून ते थेट माझ्याकडे आले. यजमान आपल्याला हावरे व्हा म्हणतात की काय? मराठीत लोभ हाव असतोच, पण पत्राच्या शेवटी आला की तो माया असतो, हे त्यांनी वहीत लिहून घेतलं. त्या लग्नात ते जिलबीला दोनदा नको म्हणाले. सावधगिरी बरी.

हळूहळू शेजारी बघून शब्द ओळखायचा त्यांना नादच लागला. आता ते पेपर पेन्सिल घेऊन वाचतात. ओळखीचा शब्द आला की त्याला गोल करतात, आधी काय, नंतर काय ते पाहतात, मग पुढे सरकतात. अग्रलेखाला पूर्वी त्यांना पाच मिनिटं लागायची आणि काही कळायचं नाही. आता तासभर लागतो आणि बरंचसं कळतं.

परवा मुलीला कल्पनाविस्ताराला म्हण आली, 'गर्वाचे घर खाली'. पोरगी खेळायला गेली होती, म्हणून बापाने स्वतःच पेन्सिल घेतली. 'गर्व' त्यांनी बरोबर पकडला. मराठीत तो वाईट आणि 'अभिमान' चांगला, तर हिंदीत 'गर्व' बहुतेकदा मिरवण्याजोगा आणि 'अभिमान'ला बरेचदा अहंकाराचा वास. त्यांना लगेच 1973 चा 'अभिमान' आठवला. बायकोचं गाणं आपल्यापेक्षा वर गेलं म्हणून कुढणाऱ्या गायकाचा तो सिनेमा, म्हणजे नाव हिंदी अर्थाने चोख. 'घर' आमच्या हिने आधीच तपासून दिलं होतं. उरला 'खाली'. त्याच्यामागे बघावं तर विभक्ती नाही, पुढे बघावं तर क्रियापद नाही. म्हण तिथेच संपते. शेजारीच नाहीत, तर चौकशी कुणाकडे करणार? आणि हिंदी अर्थही चपखल बसत होता. गर्विष्ठाकडे कोण फिरकणार? त्याचं घर रिकामंच. निरर्थक चूक वाक्यात अडखळते आणि पकडली जाते. ही चूक कुठे अडखळायलाच तयार नव्हती. त्यांनी दोन पानं भरून रिकाम्या घराचं वर्णन लिहिलं. त्यात जळमटं होती, बंद घड्याळ होतं, एक एकटा म्हातारा होता. वाचताना मला गलबलून आलं.

मी म्हटलं, "साहेब, निबंध उत्तम आहे, पण इथला खाली तुमचा ख़ाली नव्हे. 'नीचे'वाला आहे. गर्व करणाऱ्याला मान खाली घालावी लागते."

त्यांनी पेन्सिल कानावर खोचली, म्हण पुन्हा वाचली आणि दोन पानांकडे मायेने पाहिलं. ती फाडायची त्यांची काही तयारी दिसेना.

"भाईसाहब," ते म्हणाले, "घर नीचे हो या ख़ाली हो, ऐसे घर पर कर्ज़ा हमारी ब्रांच दोनों हालत में नहीं देगी."